पाच सीड, दहा रन आणि ०.४चा फरक

प्रश्न: मुंबईतल्या नागरिकांच्या मराठी तक्रारी खात्यांप्रमाणे वेगळ्या करायचं मॉडेल बनवतोय (पाणी, कचरा, ड्रेनेज, रस्ते, झाडं). टेस्ट सेटमध्ये १,००० तक्रारी आहेत. सीड ४२ वर जुन्या मॉडेलची अचूकता ८४.९ टक्के आली, नव्याची ८६.३. खूश झालो. सहकाऱ्याने सीड ७ वर चालवलं तर उलटंच: जुनं ८५.८, नवं ८४.४. मग दोन्ही पाच-पाच सीडवर चालवली. सीड ४२, १, २, ७, ३ या क्रमाने जुनं: ८४.९, ८५.६, ८४.२, ८५.८, ८४.५. नवं: ८६.३, ८५.१, ८५.९, ८४.४, ८५.३. शुक्रवारी साहेबांना एक आकडा द्यायचाय. कुठला देऊ? आणि अजून किती सीड चालवू?

उत्तर:

शुक्रवारचं आधी सांगते. जुनं ८५.० ± ०.७, नवं ८५.४ ± ०.७, प्रत्येकी पाच सीड, आणि खाली दहाच्या दहा आकडे. सोबत एक वाक्य: "नवं सरस आहे असं या आकड्यांवरून अजून म्हणता येत नाही." हे कसं आलं आणि पुढे काय करायचं ते आता सविस्तर लिहिते.

आधी आपण नेमकं काय ताडून बघतोय ते ठरवू. साहेबांना हवंय ते "नव्या पद्धतीने मॉडेल शिकवलं तर ते जास्त चांगलं शिकतं का" याचं उत्तर. तुमच्या हातात आहे ती सीड ४२ ने तयार झालेली एक फाइल. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शितावरून भाताची परीक्षा होते, कारण सगळी शितं एकाच पातेल्यात, एकाच आचेवर शिजलेली असतात. इथे प्रत्येक रन म्हणजे नव्याने चढवलेलं पातेलं. एका पातेल्यातलं शीत दुसऱ्या पातेल्याबद्दल फार थोडं सांगतं.

सीड म्हणजे संगणकाच्या योगायोगी आकड्यांची सुरुवात ठरवणारा आकडा. तो बदलला की काय बदलतं? तुम्ही आधी शिकवलेलं एखादं बर्टसारखं मॉडेल घेऊन त्यावर आपल्या पाच खात्यांचा थर बसवत असणार. त्या वरच्या थराचे सुरुवातीचे आकडे सीडवरून ठरतात. तक्रारी कुठल्या क्रमाने मॉडेलसमोर येतात तेही सीडवरून ठरतं, आणि ड्रॉपआउटमध्ये कुठल्या पायरीला काय झाकलं जातं तेही. शिवाय ट्रेन आणि व्हॅलिडेशनची वाटणीही त्याच सीडने होत असेल, तर शिकायला मिळणाऱ्या तक्रारीच बदलतात. तुमच्याकडे ही वाटणी एकदाच केलेली आहे की दर सीडला नव्याने होते, ते तुम्ही लिहिलेलं नाही. स्क्रिप्टमध्ये बघून घ्या, कारण ± ०.७ या आकड्याचा अर्थच त्यावर ठरतो. वाटणी स्थिर असेल तर हा पसारा फक्त शिकण्यातल्या योगायोगाचा आहे. वाटणीही बदलत असेल तर त्यात डेटाचा योगायोगही मिसळलेला आहे. दोन्ही चालतं, फक्त कुठलं ते अहवालात लिहिलेलं असावं.

आता तुमचेच आकडे घेऊ. जुन्याची सरासरी बरोबर ८५.० येते, नव्याची ८५.४. प्रमाण विचलन जुन्याचं ०.६९, नव्याचं ०.७३. म्हणजे तेच मॉडेल, तोच डेटा, तीच सेटिंग, आणि नुसता सीड बदलला तरी निकाल सरासरीच्या वरखाली पाऊण टक्का सहज हलतो. एका रनच्या फरकात दोन्ही मॉडेलांची हालचाल एकत्र येते. तिचं प्रमाण विचलन साधारण १.० पडतं, कारण दोन्हींच्या विचलनांचे वर्ग मिळवून वर्गमूळ घ्यायचं असतं.

या १.० च्या शेजारी तुमचे दोन निकाल ठेवून बघा. सीड ४२ वर नवं १.४ ने पुढे, सीड ७ वर जुनं १.४ ने पुढे. दोन्ही मॉडेलं अगदी तुल्यबळ असती तरी साधारण सहा वेळांत एकदा, कुठल्या ना कुठल्या बाजूला, १.४ किंवा त्याहून मोठा फरक दिसला असता. उलट समजा नवं खरोखरच ०.४ ने चांगलं आहे. तरी एकेका रनच्या शंभर लढती लावल्या तर ते साधारण ६५ जिंकेल आणि ३५ हरेल. तुम्ही आणि तुमचा सहकारी दोघांनीही काम नीटच केलंत. कोणाच्या कोडमध्ये चूक आहे यावर वाद घालण्यात आठवडा घालवू नका.

हे मी कळकळीने सांगतेय, कारण माझा असा आठवडा गेलाय, खरं तर दोन आठवडे. काही वर्षांपूर्वी एका कंपनीत ग्राहकांचे संदेश वेगवेगळ्या गटांत लावायचं मॉडेल माझ्याकडे होतं. एका रनवर ते जुन्यापेक्षा दीड टक्का वर आलं आणि आम्ही ते लावून टाकलं. पुढच्या महिन्यात थोडा नवा डेटा घालून पुन्हा शिकवलं, तर निकाल जुन्याच्याही खाली गेला. सगळ्यांनी गृहीत धरलं की नवा डेटा खराब आहे. आम्ही तिघं मिळून दोन आठवडे नव्या संदेशांची लेबलं एकेक करून तपासत बसलो. लेबलं ठीक होती. शेवटी एका रात्री मी नवा डेटा बाजूला ठेवून जुन्याच डेटावर सहा सीड लावून घरी गेले. सकाळी स्प्रेडशीटमध्ये सहा आकडे होते, आणि ज्या आकड्याच्या जोरावर आम्ही मॉडेल लावलं होतं तो त्या सहांहून वर होता. घसरण अशी झालीच नव्हती. पहिला आकडाच नशिबाने वर आलेला होता. ती सहा ओळींची शीट मी अजून जपून ठेवली आहे, आणि तेव्हापासून एका रनवर मी काहीही मान्य करत नाही.

परत तुमच्या आकड्यांकडे येऊ. सरासरीत ०.४ चा फरक आहे. हा फरक किती पक्का आहे, हे विचारताना प्रमाण विचलन आणि प्रमाण त्रुटी यांची गल्लत होते. प्रमाण विचलन सांगतं की एक रन दुसऱ्यापासून किती दूर पडू शकतो. प्रमाण त्रुटी सांगते की आपण काढलेली सरासरी किती डळमळीत आहे. सीड वाढवले की दुसरी कमी होत जाते, पहिलं होत नाही. तुमच्या फरकाची प्रमाण त्रुटी अशी काढा:

```python
import numpy as np
juna = np.array([84.9, 85.6, 84.2, 85.8, 84.5])
nava = np.array([86.3, 85.1, 85.9, 84.4, 85.3])
farak = nava.mean() - juna.mean()
se = np.sqrt(juna.var(ddof=1)/5 + nava.var(ddof=1)/5)
print(farak, se)   # 0.4 आणि 0.45
```

`ddof=1` मुद्दाम लिहिलंय. `np.std` आणि `np.var` काही न सांगता चालवलं तर ते पाचाने भागतात, आपल्याला चाराने भागायचंय. पाच सीडवर हा फरक नजरेत भरण्याइतका असतो: जुन्याचं विचलन ०.६९ ऐवजी ०.६२ दिसतं. पांडाजचं `.std()` मात्र मुळातच चाराने भागतं. त्यामुळे एकाने नमपायमध्ये आणि दुसऱ्याने पांडाजमध्ये काढलं की दोघांचे आकडे जुळत नाहीत, आणि सीडच्या वादात आणखी एका वादाची भर पडते.

फरक ०.४, प्रमाण त्रुटी ०.४५. पाच-पाच रन इतके थोडे असताना दोनने गुणून चालत नाही, टी-तक्त्यातला आकडा घ्यावा लागतो. इथे तो २.३१ आहे. म्हणजे ०.४ च्या दोन्ही बाजूंना साधारण १.०४. खरा फरक उणे ०.६ पासून अधिक १.४ पर्यंत कुठेही असू शकतो, असं ९५ टक्क्यांच्या हिशेबाने निघतं. शून्य या पट्ट्याच्या चांगलं आत आहे. वर सुचवलेलं वाक्य इथून आलं. नीट बघा, मी "दोन्ही सारखीच आहेत" असं लिहायला सांगितलेलं नाही. नवं एक टक्क्याने चांगलं असण्याची शक्यताही याच पट्ट्यात बसते. पाच सीडना या दोन्हींमधलं वेगळं काढता येत नाही, एवढंच.

इथे हमखास पुढचा प्रश्न येतो: दोन्ही मॉडेलं त्याच पाच सीडवर चालवलीत, मग सीडनुसार जोड्या लावून फरक का काढू नये? हे समजायला आपल्या रोजच्या प्रवासाकडे बघा. ठाण्याहून अंधेरीला जायचे दोन मार्ग: घाटकोपरला उतरून मेट्रो, किंवा दादरला जाऊन पश्चिम रेल्वे. एकाच दिवशी दोघं दोन मार्गांनी निघाले आणि त्या दिवशी धो धो पाऊस असला, तर दोघांनाही उशीर होतो. त्याच दिवसाच्या दोन वेळांची वजाबाकी केली की पावसाचा बराचसा परिणाम निघून जातो आणि मार्गाचा फरक उरतो. जोड्या लावण्याचा फायदा हा असा: दोघांवर पडणारा पाऊस एकच असला पाहिजे.

सीड ७ हा असा सामायिक पाऊस आहे का? दर सीडला ट्रेन-व्हॅलिडेशनची वाटणी बदलत असेल आणि दोन्ही मॉडेलांना तीच वाटणी मिळत असेल, तर हो. अवघड वाटणी दोघांनाही जड जाईल आणि जोडीचा उपयोग होईल. वाटणी स्थिर असेल तर मात्र ७ हा आकडाच तेवढा सारखा. मॉडेलांची रचना वेगळी असली की तोच सीड दोघांत वेगळ्या जागी, वेगळ्या संख्येने आकडे उचलतो, आणि दोघांच्या नशिबाचा एकमेकांशी संबंध राहत नाही. तुमच्या आकड्यांत तेच दिसतंय. जोडीने काढलेले फरक १.४, उणे ०.५, १.७, उणे १.४, ०.८ असे आहेत. त्यांची प्रमाण त्रुटी ०.५९ येते, म्हणजे जोड्या न लावता आलेल्या ०.४५ पेक्षा जास्तच. जुनं जिथे वर गेलं तिथे नवं योगायोगाने खाली आलं. म्हणून तुम्ही जोड्या लावू नका, दोन स्वतंत्र गट धरा. आणि हे आकडे बघून सोयीचं ते निवडायचं नाही, वाटणी कशी होते ते बघून आधीच ठरवायचं.

आता अजून किती सीड? याचं उत्तर तुम्हाला किती फरक महत्त्वाचा वाटतो यावर आहे, आणि ते तुम्हालाच ठरवावं लागेल. एक ढोबळ सूत्र मी कायम वापरते: विचलनाचा वर्ग घ्या, त्याला १६ ने गुणा, आणि शोधायच्या फरकाच्या वर्गाने भागा. दर मॉडेलला एवढे रन असले तर खरा फरक पाचपैकी साधारण चार वेळा पकडला जातो. तुमच्या विचलनाचा वर्ग सरासरी ०.५१ आहे. एक टक्क्याचा फरक शोधायचा असेल तर ८ रन पुरतात. ०.४ चा शोधायचा असेल तर दर मॉडेलला ५१ लागतात. एका रनला वीस मिनिटं धरली तर दोन्ही मॉडेलं मिळून पहिलं काम पाच तास वीस मिनिटांचं, दुसरं चौतीस तासांचं. फरक निम्मा झाला की खर्च चौपट होतो.

म्हणून आधी साहेबांना विचारा की किती सुधारणा झाली तर नवं मॉडेल लावायचं. नवं जर जड असेल, उत्तराला दुप्पट वेळ घेत असेल, तर ०.४ साठी ते कोणी घेणार नाही. मग ५१ सीडवर जीपीयू जाळण्यात अर्थ नाही. अजून पाच सीड चालवून दहा-दहा करा. विचलन आणि फरक एवढेच राहिले तर पट्टा ± १.०४ वरून ± ०.६७ वर येईल, आणि "नव्याने सव्वा टक्का मिळेल का" यासारख्या प्रश्नाला तुम्ही ठाम नाही म्हणू शकाल. दोन्ही सारख्याच खर्चाची असतील तर ०.४ सुद्धा फुकटचा फायदा आहे. तिथे नवं लावायलाही हरकत नाही, फक्त "सिद्ध झालंय" असं म्हणू नका.

पुढचे पाच सीड कुठले, ते चालवायच्या आधीच लिहून ठेवा: ४, ५, ६, ८, ९ म्हणा, कुठलेही. आणि दहावर थांबायचं हेही आत्ताच ठरवा. दोन-दोन सीड वाढवत राहायचं, प्रत्येक वेळी पट्टा बघायचा आणि शून्य बाहेर पडलं की थांबायचं, असं केलं तर कधी ना कधी मनासारखं दिसतंच. शून्य फरकाच्या दोन मॉडेलांतही दिसतं.

याच्याच बाजूची दुसरी चूक मी सगळ्यांत जास्त वेळा पाहिली आहे. ती सीडची नाही, वागणुकीची आहे. नवं मॉडेल आपलं लाडकं असतं. त्याच्यासाठी लर्निंग रेट चार-पाच तऱ्हांनी बदलून बघितलेला असतो, इपॉक वाढवून बघितलेले असतात, दहा रन झालेले असतात. जुनं एकदाच, जसं होतं तसं चालवलेलं असतं. दहा सीडमधला सर्वांत वरचा आकडा सरासरीच्या साधारण दीड प्रमाण विचलन वर असतो. तुमच्याकडे त्याचा अर्थ १.१ टक्के. दोन्ही मॉडेलं हुबेहूब सारखी असली तरी एकाचे दहा रन करून सर्वोत्तम घेतला आणि दुसऱ्याचा एकच घेतला, की एक टक्क्याची "सुधारणा" आपोआप तयार होते. म्हणून दोघांनाही सारख्याच संख्येने सेटिंग आजमावू द्या, निवड व्हॅलिडेशनवर करा, निवड संपली की सेटिंग गोठवा, आणि मग ठरवलेले सीड चालवा. टेस्टच्या हजार तक्रारींवर मॉडेल फक्त या शेवटच्या फेरीत चालवा. तुम्ही नव्याचा लर्निंग रेट शोधला असेल आणि जुन्याचा नसेल, तर मोकळेपणाने सांगते, पुढचे सीड चालवण्याआधी ते काम करा. सरासरी कितीही काळजीपूर्वक काढली तरी तिने हा पक्षपात जात नाही.

सीडवरून असे भ्रम होतात हे फक्त आपल्यासारख्या छोट्या डेटावाल्यांचं दुखणं नाही. पीटर हेंडरसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या रीइन्फोर्समेंट लर्निंगच्या अभ्यासात एकच पद्धत, एकाच सेटिंगवर दहा सीडनी चालवली आणि निकालांचे पाच-पाचचे दोन गट केले. दोन्ही गटांचे आलेख एवढे वेगळे आले की बघणाऱ्याला त्या दोन वेगळ्या पद्धती वाटाव्यात. बर्टच्या मूळ लेखकांनीही नोंदवलंय की मोठं बर्ट छोट्या डेटावर फाइन-ट्यून करताना कधी कधी अस्थिर होतं, म्हणून त्यांनी अनेकदा नव्याने सुरुवात केली आणि व्हॅलिडेशनवर जे सरस ठरलं ते घेतलं.

त्या अस्थिरतेचा एक खास प्रकार तुम्हालाही भेटेल. समजा सीड ४२ वर जुन्याचा निकाल ८४.९ ऐवजी एकदम ५२ आला असता. मॉडेल काही शिकलंच नाही, सगळ्या तक्रारी सर्वांत मोठ्या खात्यात टाकून मोकळं झालं. ओळखायचं असं: ट्रेनिंग लॉस सुरुवातीला जिथे होता तिथेच लोळत राहतो, आणि निकालाच्या तक्त्यात एकच स्तंभ भरलेला दिसतो. अशा वेळी सरासरी आणि विचलन दोन्ही दिशाभूल करतात. ८५.६, ८४.२, ८५.८, ८४.५ आणि ५२.० यांची सरासरी ७८.४ येते आणि विचलन १४.८. ७८ च्या आसपासचा एकही रन प्रत्यक्षात झालेला नाही. तो ५२ गुपचूप काढून टाकायचा मोह होतो, पण काढू नका. "पाचपैकी एक रन फसला, उरलेल्या चारांची सरासरी ८५.० ± ०.८" असं लिहा. वाचणाऱ्याला दोन वेगळ्या गोष्टी कळतात: पद्धत किती वेळा फसते, आणि फसली नाही तर किती चांगली. मग लर्निंग रेट कमी करून, तो सुरुवातीला हळूहळू चढवून बघा. बऱ्याचदा फसणं थांबतं. पण ही दुरुस्ती दोन्ही मॉडेलांना करायची.

आता एका अशा गोष्टीकडे येते जी कितीही सीड चालवले तरी सुटत नाही. तुमचा ०.४ म्हणजे हजारात चार तक्रारी. त्या हजार तक्रारीही एक योगायोगच आहेत. दुसऱ्या हजार निवडल्या असत्या तर ८५ टक्क्यांच्या आसपासचा निकाल नुसत्या त्या निवडीमुळे साधारण १.१ टक्के वरखाली झाला असता. सगळे सीड त्याच हजारांवर तपासले जातात, त्यामुळे पन्नास सीड चालवूनही हा डळमळीतपणा तसाच राहतो. दोन मॉडेलं त्याच हजारांवर असल्याने फरकापुरता त्याचा काही भाग कटतो, पण सगळा नाही. समजा एका जोडीत ४७ तक्रारी फक्त नव्याने बरोबर ओळखल्या आणि ४३ फक्त जुन्याने. फरक चारचा. पण जिथे दोघांचं पटलं नाही अशा तक्रारी ९० आहेत, आणि त्यांच्या वर्गमुळाएवढा, म्हणजे साडेनऊ तक्रारींचा, हेलकावा नुसत्या निवडीने येऊ शकतो.

मी हे असं करते: दर सीडला, दर तक्रारीपुढे बरोबर की चूक हे फाइलमध्ये लिहून ठेवते. मग त्या हजार तक्रारींतून, उचललेली परत टाकत, हजार उचलते, दोन्ही मॉडेलांची सगळ्या सीडवरची सरासरी काढते आणि फरक नोंदवते. हे काही हजार वेळा केलं की टेस्ट सेटमुळे फरक किती हलतो ते दिसतं. मॉडेल पुन्हा चालवावं लागत नाही, मिनिटभरात होतं. तो पट्टा सीडच्या पट्ट्याच्या शेजारी स्वतंत्र ओळीत द्या.

मुंबईच्या तक्रारींमध्ये त्यातही एक खाच आहे. जूनच्या पहिल्या मोठ्या पावसात एकाच सोसायटीतून "गटार तुंबलंय, पाणी जिन्यापर्यंत आलंय" अशा पंधरा तक्रारी येतात, शब्द थोडे इकडेतिकडे. मॉडेलने एक ओळखली तर पंधराही ओळखते, एक चुकली तर पंधराही चुकतात. हिशेबाला त्या पंधरा दिसतात, पण माहिती एकाचीच असते. आणि अर्ध्या ट्रेनमध्ये, अर्ध्या टेस्टमध्ये गेल्या तर निकाल फुगतो. अशा तक्रारी जागा आणि तारीख बघून एकत्र बांधा, पूर्ण गठ्ठा एकाच बाजूला ठेवा, आणि वरच्या उचलण्यातही गठ्ठाच उचला. तुमचा ०.४ चा फरक अशा एखाद्याच गठ्ठ्यातून आलेला असण्याची मला बरीच शक्यता वाटते. सीड ४२ आणि सीड ७ मध्ये ज्या तक्रारींवर निकाल फिरला त्या नुसत्या डोळ्यांखालून घाला, वीस मिनिटांचं काम आहे.

शेवटचं, प्रत्यक्ष लावायचं कुठलं? इथे लोक अडखळतात: सरासरी ८५.४ असली तरी सर्व्हरवर एकच फाइल जाणार, मग सगळ्यांत चांगली का नको? जरूर घ्या. दहा सीड चालवून त्यांतली व्हॅलिडेशनवर सर्वोत्तम फाइल लावणं ही रास्त पद्धत आहे. पण मग तुमची पद्धत "नवं मॉडेल" एवढीच राहत नाही, ती "दहा रनमधून निवडलेलं नवं मॉडेल" होते. तिची तुलना दहा रनमधून तसंच निवडलेल्या जुन्याशी व्हायला हवी. आणि निवड टेस्टच्या आकड्यावरून करायची नाही, नाहीतर तो ८६.३ पुन्हा मागच्या दाराने आत येतो.

सीड पक्का करून ठेवला की सगळं नेमकं तेच येईल असंही धरू नका. जीपीयूवर काही बेरजांचा क्रम दर वेळी बदलतो, त्यामुळे तोच सीड दोनदा चालवून निकाल किंचित वेगळा येऊ शकतो. पायटॉर्चमध्ये `torch.use_deterministic_algorithms(True)` लावता येतं, थोडा वेग जातो. चूक शोधताना ते कामाला येतं. तुलनेसाठी त्याची गरज नाही.

शुक्रवारच्या मेलमध्ये मी असं लिहिलं असतं, हवं तर तसंच घ्या:

"जुनं मॉडेल ८५.० ± ०.७, नवं ८५.४ ± ०.७ (प्रत्येकी ५ सीड, ± म्हणजे रनमधलं प्रमाण विचलन, टेस्ट १,००० तक्रारी). फरक ०.४, ९५ टक्क्यांचा पट्टा उणे ०.६ ते १.४, यात फक्त सीडचा हेलकावा धरलाय. दोन्हींना सारखीच सेटिंग आजमावून आणखी ५ ठरलेले सीड चालवतोय, निकाल बुधवारपर्यंत देतो. एक टक्क्यापेक्षा कमी सुधारणा असेल तर नवं लावायचं का, हे तोवर ठरवावं."

खाली दहा आकडे, सीडसकट. ८६.३ त्या यादीत आहेच, पहिल्याच ओळीत, बाकीच्या नऊ आकड्यांसोबत.